पेन्सिलीने भरलेला अर्ज

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचा लाडक्या बहिणीचा हप्ता माझ्या हातून थांबलाय. चूक पोर्टलची नाही, सेविकाताईंची नाही, माझी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ओट्यावर बसून मी लोकांचे अर्ज भरून देतो. पैसे घेत नाही, त्यामुळे "गुरुजींनी भरला म्हणजे बरोबरच असणार" असा लोकांचा समज झालेला आहे. तो समज मलाही झाला होता, हे आज कबूल करतो. पण वहिनींच्या अर्जाकडे नंतर येतो. आधी दुसऱ्या एका अर्जाची गोष्ट सांगतो. तो मी नीट भरला होता, आणि तो भरताना जे शिकलो ते वर्षभरात विसरलो.

जुलै 2024. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना नुकतीच जाहीर झालेली. चाळीसगावात झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानासमोर रांग, तहसील कचेरीत दाखल्यांसाठी चेंगराचेंगरी, अंगणवाडीत पाय ठेवायला जागा नाही. नारीशक्ती दूत नावाच्या अॅपवर अर्ज चढवायचा होता, पण ते अॅप दिवसा चालेना. म्हणून आधी कागदी अर्ज भरून ठेवायचा आणि रात्री उशिरा सेविकाताई तो चढवणार, असं चाललं होतं.

एका सकाळी नदीकाठच्या वस्तीतला एक पोरगा आला. दहावीला असेल. हातात प्लॅस्टिकची पिशवी. म्हणाला, "गुरुजी, माय कामले गयी. तिनी सांगं, तुम्हीच भरी द्या."

माय कपाशीच्या निंदणीला जाते. सहा वाजता रिक्षा भरून बाया शिवारात जातात, त्या संध्याकाळी दिवे लागणीला परत. एक दिवस घरी राहिली तर रोज बुडतो. म्हणून तिने जे जे लागेल असं तिला वाटलं, ते पिशवीत घालून पोराच्या हाती दिलं होतं.

पिशवीत काय होतं? आधार कार्डाचं झेरॉक्स, पुसट. मतदार ओळखपत्र, खरं. रेशन कार्ड केशरी, पण दुय्यम प्रत. एका बँकेचं पासबुक. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा मोबाईलवर काढलेला फोटो, त्याची प्रिंट. कालनिर्णयाचं एक पान, त्याच्या मागे कुणीतरी खाते क्रमांक लिहिलेला. बिस्किटाच्या पुड्याचा कागद, त्यावर दोन मोबाईल नंबर, नावं नाहीत. आणि वहीचं एक पान, त्यावर पोराने स्वतः अर्जातली उत्तरं लिहून आणली होती: "विवाहित. दुसरी योजना नाही. आधार लिंक आहे. घरात गाडी नाही."

कागद असे विखुरलेले का, हे चाळीसगावकरांना सांगायला नको. 2021 च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी एका रात्रीत गावात शिरल्या, तेव्हा या वस्तीतल्या पेट्याच्या पेट्या वाहून गेल्या. कपडे, भांडी दिसतात. कागद गेलेले दिसत नाहीत. ते असा अर्ज निघाला की दिसतात.

मी अर्ज समोर घेतला आणि पेन उघडलं. दोन रकाने भरले आणि थांबलो. पेन बंद करून पेन्सिल घेतली.

कारण असं. अर्जात सगळे रकाने सारख्याच चौकटीत छापलेले असतात, पण ते सारखे नसतात. काही रकाने नुसते उतरवून काढायचे असतात. आधार क्रमांक, नाव, खाते क्रमांक, पिनकोड. तिथे माझं काम लेखनिकाचं. समोर खरा कागद असेल तर डोळे फाडून उतरवायचं, दुसऱ्याला वाचायला लावून ताडायचं, संपलं. काही रकाने कागदावरून काढता येतात, पण त्यासाठी डोकं लागतं. आणि काही रकाने असे असतात की त्यांचं उत्तर पिशवीत कधीच नसतं. ते फक्त बाईला माहीत असतं. अडचण ही की या तिसऱ्या प्रकारच्या रकान्यांची उत्तरंही पिशवीतून निघाल्यासारखी *वाटतात*.

म्हणून मी ठरवलं: खऱ्या कागदावरून घेतलेलं पेनाने, चिठ्ठीवरून किंवा अंदाजाने घेतलेलं पेन्सिलीने, आणि बाईने स्वतः सांगायचं ते रिकामं, बाजूला गोल.

जन्मतारखेपासूनच मजा सुरू झाली. आधारवर 01/01/1984. शाळेच्या दाखल्यावर 1985 मधली जून महिन्यातली तारीख. आपल्याकडे एक जानेवारीला जन्मलेले लोक फार. आधार काढताना जन्माचा कागद नसला की नुसतं वर्ष सांगायचं आणि यंत्राने एक जानेवारी धरायची. मास्तर म्हणून माझा कल दाखल्याकडे. पण हा अर्ज आधारवरून तपासला जातो, तिथली तारीख आणि अर्जातली तारीख जुळली नाही तर अर्ज अडकतो. वय 21 ते 65 हवं होतं, दोन्ही तारखांनी ती चाळिशीच्या आसपासच येत होती, म्हणजे पात्रतेला धक्का नव्हता. आधारची तारीख पेनाने लिहिली. आणि पोराच्या वहीत लिहून दिलं की मायला सांग, आधारवर आणि दाखल्यावर तारीख वेगळी आहे, कधीतरी एक करून घे.

मग रहिवासाचा पुरावा. अधिवास दाखला नसेल तर 15 वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म दाखला, यांतलं एक चालणार होतं. पोरगा म्हणाला रेशन कार्ड लावा. मी उलटून पाहिलं तर दुय्यम प्रतीवर पुरानंतरची तारीख. कुटुंब तीस वर्षं इथे राहतंय, पण कागद तीन वर्षांचा. मतदार कार्डाच्या मागे तारीख 2008 ची होती. ते लावलं. रेशन कार्ड उत्पन्नासाठी कामाला आलं, कारण पिवळं किंवा केशरी असेल तर उत्पन्नाचा दाखला माफ होता. एकच कागद एका रकान्याला चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही, हे लोकांना सांगून पटत नाही.

आता खरी गाठ. बँक.

कालनिर्णयाच्या पानावरचा खाते क्रमांक आणि पासबुकावरचा क्रमांक जुळत नव्हता. आकडेच वेगळे, म्हणजे खातीच दोन. आयएफएससी कोडात पाचव्या जागी इंग्रजी ओ काढलेला, तिथे नेहमी शून्यच असतो, ते मी दुरुस्त केलं. एवढं मला करता येतं. पण दोनांपैकी कुठलं खातं द्यायचं?

पासबुक चाळलं. दर महिन्याला दीड हजार जमा. 2023 च्या आधीच्या पानांवर एक हजार. हे आकडे बघितले आणि माझ्या पोटात गोळा आला. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ, या दोन्हींचं मानधन 2023 मध्ये हजारावरून दीड हजार झालं, हे मला माहीत होतं. आणि लाडक्या बहिणीच्या हमीपत्रात एक अट अशी की शासनाच्या दुसऱ्या योजनेतून मी महिना दीड हजार किंवा जास्त घेत नाही. म्हणजे ही बाई निराधारचं मानधन घेत असणार. पोराने वहीत "दुसरी योजना नाही" लिहिलंय. एकतर त्याला माहीत नाही, नाहीतर लपवतोय.

त्यात वस्तीतली बोलाचाली मला ठाऊक होती. तिचा नवरा सहा-सात वर्षांपासून सुरतेला. लोक म्हणत, टाकलेली आहे. परित्यक्त्या स्त्रीला संजय गांधी योजना लागू होते. सगळं कसं जुळलं बघा! मी वैवाहिक स्थितीच्या रकान्यात पेन्सिलीने "परित्यक्त्या" वर खूण केली, "इतर योजनेचा लाभ" समोर "होय", दरमहा 1500. आणि मनात म्हटलं, बाई अपात्र आहे, अर्ज भरण्यात अर्थ नाही, पोराला परत पाठवावं.

पुरावा होता, तर्क होता, गावाची साक्ष होती. आता फक्त पेन फिरवायचं बाकी होतं. पण तो रकाना तिसऱ्या प्रकारचा होता, म्हणून पाठवलं नाही. म्हटलं, माय आली की संध्याकाळी दोघं या.

ती आली साडेसातला. हातपाय धुतलेले, पण साडीच्या काठाला चिखल. मी एकेक गोल वाचायला घेतला.

"ताई, या पासबुकात दर महिन्याला दीड हजार येतात, ते कसले?"

"त्या पैसा मना नहीत गुरुजी, सासूना शेतस."

खातं सामाईक होतं. पहिलं नाव सासूचं, दुसरं हिचं. पासबुकाच्या पहिल्या पानावर शाई पुसटून दुसरं नाव तेवढं ठळक राहिलेलं, म्हणून मला ते हिचंच वाटलं. पैसे श्रावणबाळचे, सासूच्या नावाचे. सासूला बँकेत चढता येत नाही म्हणून सुनेचं नाव घातलेलं. आणि हमीपत्रासाठी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं, सासू त्यात येतच नाही. म्हणजे पोराने वहीत लिहिलेलं "नाही" तंतोतंत खरं होतं. मी पुराव्यानिशी काढलेलं "होय" चूक होतं. मी जर पेन फिरवून अपात्र ठरवलं असतं तर तिला कधी कळलंही नसतं की का.

पण त्यातून दुसरी गोष्ट निघाली. हे खातं या अर्जाला चालणार नव्हतं, कारण खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं हवं. मग कालनिर्णयाच्या पानावरचा क्रमांक कोणाचा? ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बहुतेक जनधनचं. सुरुवातीच्या काळात वस्तीत कॅम्प लागला होता, तेव्हा काढलं. पासबुक पुरात गेलं, त्याआधी कुणीतरी नंबर लिहून ठेवला होता.

मी पुढे विचारलं, नवऱ्याचं.

इथे मी सरळ प्रश्न केला नाही. अर्जातले पर्याय वाचून दाखवले. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्त्या, निराधार. यातलं काय लिहू?

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. पेन्सिलीची खूण तिला दिसली की नाही माहीत नाही. वाचता येतं तिला, सातवी झालेली आहे.

"मी काय टाकेल शे का गुरुजी? लोके काय भी बोलतस. दिवाईले येस तो, दोन दिन ऱ्हास. पोरनी फी धाडस. विवाहित लिखा."

मी खोडरबर काढला. पोरगा खाली मान घालून बसला होता. मला माझीच लाज वाटली, पण ते असो.

"घरात गाडी नाही" हेही विचारलं, कारण रेशन कार्डावर सात नावं होती आणि त्यात दिराचं होतं. दिराचा छोटा हत्ती बाजारात रोज उभा असतो, मी बघितलेला. चारचाकी असेल तर अपात्र, ट्रॅक्टर सोडून. पण दीर हाही हमीपत्राच्या कुटुंबात येत नाही. रेशन कार्डावरचं कुटुंब आणि हमीपत्रातलं कुटुंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यावर गावात फार गोंधळ झाला. कुणी दिराची गाडी स्वतःच्या नावावर धरून अर्जच केला नाही, कुणी नवऱ्याच्या नावची गाडी "ती तर भावाने घेतलीय" म्हणून सोडून दिली. तिला मी विचारलं, गाडीचे कागद कोणाच्या नावावर? तिने दिराला फोन लावून विचारलं. दिराच्याच. मग "नाही" वर पेन फिरवलं.

राहिला तो एक रकाना, जो दिसायला सगळ्यात सोपा आहे: आधार क्रमांक बँक खात्याला जोडला आहे का? होय किंवा नाही. पोराने लिहिलं होतं, आहे. विचारलं कशावरून, तर म्हणाला, बँकेत आधारचं झेरॉक्स दिलं होतं ना.

हे जरा सावकाश सांगतो, कारण 2024 मध्ये कितीतरी बायांचे पैसे यातच फिरले. बँकेत आधारचं झेरॉक्स देणं म्हणजे ओळख पटवणं. त्याने सरकारी पैसे त्या खात्यात येतीलच असं नाही. सरकारी पैसे येतात ते आधार क्रमांकावर. त्या क्रमांकासमोर कुठली बँक लावलेली आहे याची एक मध्यवर्ती नोंद असते. एका आधारसमोर एका वेळी एकच बँक. जिथे शेवटची संमती दिली असेल, ती. म्हणून तुम्ही अर्जात खाते क्रमांक एक लिहिला आणि नोंद दुसऱ्याच बँकेची असेल, तर पैसे त्या दुसऱ्या बँकेत जातात आणि बाई पहिल्या बँकेच्या दारात उभी राहते. आमच्या गल्लीतल्या एका आजींचे ऑगस्टमधले पहिले तीन हजार असेच एका विसरलेल्या खात्यात सापडले, तेही दिवाळीच्या तोंडावर.

ही नोंद बघता येते. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून Bank Seeding Status उघडलं की बँकेचं नाव दिसतं आणि ते चालू आहे की बंद हेही. पण लॉगिनला ओटीपी लागतो, आणि तो आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो. बिस्किटाच्या कागदावरचे दोन नंबर मी समोर ठेवले. एक पोराच्या फोनचा. दुसरा?

"तेना." म्हणजे नवऱ्याचा. आधार काढलं तेव्हा घरात एकच फोन होता, तो त्याचा. आता तो सुरतेला, आणि तिच्या आधारचा प्रत्येक ओटीपी सुरतेला.

आता इथे मी काय करू शकत होतो? नवऱ्याला फोन लावून ओटीपी मागू शकत होतो. पोरगा तयारही होता. पण मी तिला विचारलं, की ओटीपी कुठे यावा असं तुम्हाला वाटतं? तिने एक क्षण थांबून पदराच्या आतून स्वतःचा बटनाचा फोन काढला. "याच्यावर येईल का?" येईल. ओटीपीला साधा फोन चालतो.

आधार केंद्रात मोबाईल नंबर बदलायला कागद लागत नाही. बाईचा अंगठा आणि फी, 2024 मध्ये ती पन्नास रुपये होती. अंगठा तिचाच लागतो, दुसऱ्या कुणाला पाठवून चालत नाही. म्हणजे एक रोज बुडणारच होता. तिने तो बुडवला. चार-पाच दिवसांनी नंबर चढला, मग ओट्यावर बसून आम्ही बघितलं. ओटीपी तिच्या फोनवर वाजला, तिने वाचून दाखवला. बँक आली जनधनवाली. चालू. कालनिर्णयाच्या पानावरचा क्रमांक त्याच बँकेचा निघाला. मग तीच बँकेत जाऊन नवीन पासबुक घेऊन आली, आणि मी तो क्रमांक पासबुकावरून पेनाने लिहिला. चिठ्ठीत एक आकडा खरोखरच चुकलेला होता, सातच्या जागी एक.

अर्जाच्या शेवटी हमीपत्र असतं. मी ते तिला पूर्ण वाचून दाखवलं, एकेक ओळ थांबून. खाली सही तिची. तोपर्यंत संध्याकाळचे नऊ वाजले होते. पुढे सेविकाताईंनी तिला समोर बसवून फोटो काढला आणि अर्ज चढवला. पैसे आले. 2025 च्या सुरुवातीला चारचाकीची पडताळणी सुरू झाली, तेव्हा तिच्या दारात विचारायला आल्या, तिने दिराच्या नावाचे गाडीचे कागद दाखवले, विषय संपला.

आता वहिनींचं.

सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी आली. बाईचा आधार, तिचा ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्यांचा ओटीपी. आणि मग दोन प्रश्न. मुदत आधी 18 नोव्हेंबर होती, पुढे 31 डिसेंबर झाली. पोर्टल दिवसा झोपलेलं, रात्री जागं. वहिनी माहेरी गेलेल्या होत्या. भाऊंनी मला रात्री साडेअकराला फोन केला, "गुरुजी, आत्ता चालू झालंय, करून टाका." ओटीपी फोनवर सांगितला त्यांनी. दोन्ही ओटीपी बसले. दहा मिनिटांच्या आत सगळं उरकायचं या घाईत मी होतो.

पहिला प्रश्न कुटुंबातल्या सरकारी नोकरीचा. पण तो प्रश्न नव्हताच, ते एक वाक्य होतं. कुटुंबातील सदस्य सरकारी विभागात कायम कर्मचारी म्हणून काम करत *नाहीत* किंवा निवृत्तिवेतन घेत *नाहीत*, अशा अर्थाचं. खाली होय आणि नाही. मी वाचलं "सरकारी नोकरी", डोक्यात आलं, यांच्याकडे कुठे कोण नोकरीला आहे, आणि दाबलं "नाही".

म्हणजे मी सांगितलं की कुणी सरकारी नोकरीत नाही हे खरं नाही. म्हणजे आहे.

वाक्यातच "नाही" असेल तर त्याला होकार देण्यासाठी "होय" म्हणावं लागतं. मराठीत आपण असं बोलत नाही. कुणी विचारलं "घरात कुणी नोकरीला नाही ना?" तर आपण मान हलवून "नाही" म्हणतो आणि समोरच्याला बरोबर कळतं. यंत्राला ते कळत नाही. माझ्यासारख्या कितीतरी लोकांनी तेच केलंय हे नंतर बातम्यांतून समजलं, पण त्याने माझी चूक कमी होत नाही. ते वाक्य तयार करणाऱ्याला मी काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी माझं मुख्य चुकणं वेगळंच होतं. ते घोषणापत्र वहिनींचं होतं. त्यांना फोनवर घेऊन वाचून दाखवायला एक मिनिट लागलं असतं. वाचून दाखवताना मलाच कळलं असतं की वाक्य उलटं आहे. मोठ्याने वाचल्यावर उलटं वाक्य लगेच कानाला टोचतं. मनात वाचलं की ते सरळ होऊन जातं.

हप्ता थांबला तेव्हा वहिनींनी विचारलं, "गुरुजी, तुम्ही काय लिहिलं होतं?" आता दुरुस्तीसाठी मीच त्यांच्याबरोबर हिंडतोय. भाऊ काही बोलले नाहीत, चहा पाजला, त्याने जास्त वाईट वाटलं.

त्याच डिसेंबरात, म्हणजे मी वहिनींचं करून बसलो होतो पण अजून कळलं नव्हतं तेव्हा, ती निंदणीवाली ताई आली. पोरगा आता अकरावीला. ई-केवायसी करायची. नवऱ्याचा आधार क्रमांक तिने पाठ केलेला होता. ओटीपी मात्र सुरतेलाच जाणार. विधवा आणि घटस्फोटित बायांसाठी कागद देऊन वेगळी सोय होती, पण तिने स्वतःच विवाहित लिहिलेलं, आणि तिच्याकडे तसला कागदही नाही. मी विचारलं, फोन मी लावू की पोरगा लावेल?

तिने स्वतः लावला. स्पीकरवर नाही, कानाला. आधी दोन-तीन मिनिटं दुसरंच काहीतरी बोलणं झालं, पोराच्या क्लासचं, सासूच्या गुडघ्याचं. मी स्क्रीनकडे बघत बसलो. मग म्हणाली, "नंबर येल शे का? सांग." आणि एकेक आकडा ती मोठ्याने म्हणत गेली, मी दाबत गेलो. सहा आकडे.

मग ते वाक्य आलं. तिने फोन खाली ठेवला होता. मी मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. ती थोडं थांबली, ओठातल्या ओठात एकदा म्हटलं आणि माझ्या हातातला मोबाईल स्वतःकडे वळवून बोटाने "होय" दाबलं.